भाजल्याचा फोटो डॉक्टर कसा वाचतात

दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहू. पहिल्यात एका बाईचा हात आहे. मनगटाच्या वर कातडी लालबुंद झालेली, आणि मधोमध लिंबाएवढा, पिवळसर पाण्याने भरलेला फोड. दुसऱ्यात एका वयस्क माणसाची पोटरी आहे. तिच्यावर चार बोटं रुंदीचा पांढुरका, कोरडा चट्टा. फोड नाही, रक्त नाही, कडेला थोडीशी लाली. पहिला फोटो पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. दुसरा पाहून बहुतेक जण ‘किरकोळ दिसतंय’ म्हणतात.

बर्न्स वॉर्डात काम करणारा डॉक्टर हे फोटो नेमके उलटे वाचतो. त्या बाईला रात्रभर झोप लागणार नाही, पण फोडाखालची कातडी जिवंत असेल तर तिची जखम साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरून येईल. पोटरीवरचा चट्टा मात्र शेकाच्या पिशवीने झालेला आहे. आजोबांना मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी झालेली आहे आणि पिशवी पायाशी तशीच ठेवून ते झोपी गेले. दुखत नाही म्हणून चार-पाच दिवस घरीच मलम लावत बसले. तिथली कातडी पूर्ण जाडीपर्यंत मेलेली आहे आणि बहुधा तिथे दुसरीकडची कातडी काढून लावावी लागणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी 10 लाखांहून अधिक लोकांना मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचं भाजतं. त्यांतल्या अनेकांच्या जखमेचा पहिला फोटो आता घरच्याच कुणाच्या तरी मोबाइलवर असतो. तो भाच्याला, ओळखीच्या नर्सला, फॅमिली डॉक्टरला पाठवला जातो आणि सोबत एकच प्रश्न असतो: ‘दवाखान्यात न्यायला लागेल का?’ या प्रश्नाचं उत्तर फोटोत काही प्रमाणात असतं. ते कुठे असतं आणि कुठे नसतं, हे घरच्यांनाही कळायला हवं.

त्यासाठी कातडीची रचना थोडी डोळ्यांसमोर आणावी लागते. वरचा थर अगदी पातळ असतो, बऱ्याच ठिकाणी कागदाहून फारसा जाड नाही. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याखालचा थर जाड आणि चिवट. केसांची मुळं, घामाच्या ग्रंथी, बारीक रक्तवाहिन्या आणि वेदना कळवणाऱ्या नसा या थरात असतात. वरचा थर जळून गेला तरी केसांच्या मुळांशी आणि घामग्रंथींच्या अस्तरात त्याच जातीच्या पेशी उरलेल्या असतात. त्या तिथून वर येऊन पसरतात आणि जखम झाकतात. भाजणं किती खोल गेलं, याला महत्त्व आहे ते यासाठी. मुळं वाचली तर कातडी पुन्हा येते. मुळांसकट सगळं गेलं, तर जखमेला फक्त कडेकडून भरत यावं लागतं. तसं भरणं फार सावकाश होतं आणि भरताना कातडी आक्रसते.

आता फोटोत हे कसं दिसतं ते पाहू. फक्त वरच्या थराला धग लागली असेल तर कातडी लाल, कोरडी आणि हुळहुळी दिसते. फोड नसतो. उन्हाने भाजल्यावर होतं तसं. आठवडाभरात पापुद्रे निघून सगळं पूर्ववत होतं. दुसऱ्या थराचा वरचा भाग भाजला की फोड येतात. फोड फुटला तर खाली ओली, चकचकीत, गुलाबी कातडी दिसते आणि तिला नुसता वारा लागला तरी जीव कळवळतो. ही वेदना नकोशी असली तरी डॉक्टरला ती दिलासा देते, कारण नसा शाबूत असल्याची ती खूण आहे.

त्याहून खोल गेलं की चित्र बदलतं. गुलाबी रंगात पांढरे आणि गडद लाल ठिपके मिसळतात. ओलेपणा कमी होतो. बोटाने दाबल्यावर निरोगी किंवा उथळ भाजलेली कातडी पांढरी पडते आणि बोट काढताच पुन्हा गुलाबी होते. इथे मात्र तो लाल रंग दाबूनही हलत नाही, कारण रक्त वाहिन्यांतून बाहेर झिरपून पेशींत मुरलेलं असतं. आणि दोन्ही थर पुरते गेले असतील तर जागा पांढरीफटक, मातकट, तपकिरी किंवा काळी दिसते. हात लावला तर कडक लागते. तिच्यात कधी कधी गोठलेल्या रक्तवाहिन्यांची जाळी दिसते. तिथे सुई टोचली तरी कळत नाही. अंडं उकडल्यावर त्यातला पातळ पांढरा भाग जसा घट्ट होतो आणि पुन्हा कधीच पातळ होत नाही, तसंच उष्णतेने कातडीतल्या प्रथिनांचं होतं.

फोडाबद्दल सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. फोड म्हणजे वरचा थर सुटून खाली रक्तातलं पाणी साचणं. तो आला म्हणजे भाजणं दुसऱ्या थरापर्यंत गेलं, इतकं नक्की. पण त्या थरात किती खोल गेलं, हे न फुटलेल्या फोडाच्या फोटोवरून सांगता येत नाही, कारण ज्या जागेवरून खोली ओळखायची ती जागाच फोडाने झाकलेली असते. म्हणून मोठे, ताणलेले किंवा सांध्यावर आलेले फोड डॉक्टर निर्जंतुक हत्यारांनी उघडतात, मेलेली साल कापून काढतात आणि तळाचा रंग पाहतात. बारीक फोड आणि तळहातावरचे जाड सालीचे फोड बहुतेक वेळा तसेच ठेवतात. छोट्या फोडांबाबत वेगवेगळ्या डॉक्टरांची मतं आजही वेगवेगळी आहेत. घरी सुईने फोड फोडू नये यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. फोडाची साल शाबूत असेपर्यंत खालची ओली कातडी जंतूंपासून झाकलेली राहते, आणि घरातली सुई नेमकी तिथेच जंतू नेऊन सोडते.

फोटोची दुसरी मर्यादा वेळेची आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे शल्यविशारद डग्लस जॅक्सन यांनी 1953 साली भाजलेल्या जखमेचे तीन पट्टे दाखवून दिले. मधला पट्टा मेलेला, तो परत येत नाही. बाहेरचा नुसता लाल झालेला, तो हमखास सुधारतो. त्या दोहोंच्या मधला पट्टा अडकलेला असतो. तिथल्या रक्तवाहिन्यांत रक्त संथावलेलं असतं, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत तो भाग जगेल किंवा मरेल. शरीरात पाणी कमी पडलं, जंतू शिरले, सूज वाढली, तर तो मरतो आणि काल उथळ दिसणारी जखम आज खोल होते. अनुभवी सर्जनसुद्धा नुसत्या डोळ्यांनी खोलीचा अंदाज करतात तेव्हा तो साधारण तीनपैकी दोनदा बरोबर येतो. कातडीतला रक्तप्रवाह लेसरने मोजणारं यंत्र काही मोठ्या केंद्रांत असतं. तेही पहिल्या दिवशी वापरत नाहीत, साधारण 48 तासांनंतर वापरतात. त्यामुळे पहिल्या तासातला एक फोटो पाहून कुणी ठामपणे ‘काही नाही, बरं होईल’ असं सांगितलं, तरी त्या शब्दावर विसंबून राहू नये.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते एका उदाहरणातून पाहू. ही कुणा एका मुलाची गोष्ट नाही. वॉर्डात वारंवार दिसणाऱ्या घटनांवरून ती मांडली आहे.

थंडीचे दिवस आहेत. दोन वर्षांचा, 11 किलो वजनाचा मुलगा. ओट्याच्या कडेला ठेवलेला चहाचा कप तो ओढतो. चहा हनुवटी, मान, छाती आणि डाव्या दंडावर सांडतो. नुकत्याच गाळलेल्या चहाचं तापमान सहज 70 अंशांच्या वर असतं. हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार 70 अंशांना कातडी भाजायला सेकंदभर पुरतो आणि 60 अंशांना पाचेक सेकंद. 44 अंशांनाही भाजतं, फक्त त्याला सुमारे सहा तास लागतात. शेकाच्या पिशवीने झोपेत भाजतं ते असंच. लहान मुलाची कातडी पातळ असल्याने त्याला त्याहूनही कमी वेळ पुरतो.

घाबरलेली आई त्याला उचलून कडेवर घेते. अंगातला लोकरीचा स्वेटर मिनिटभर तसाच राहतो आणि त्यात मुरलेला गरम चहा छातीला चिकटून बसतो. मग आजी स्वेटर काढते आणि त्याला न्हाणीघरात नेऊन साध्या नळाच्या धारेखाली धरते. पाण्याची ही धार 20 मिनिटं हवी. इजा होऊन तीन तासांच्या आत कधीही पाणी घातलं तरी त्याचा उपयोग होतो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं. बर्फ लावू नये, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि अडकलेला पट्टा मरायला मदतच होते. मूल लहान असेल तर बाकीचं अंग पांघरून उबदार ठेवायचं, कारण 20 मिनिटांत त्याला थंडी बाधू शकते.

पहिला फोटो तासाभराने काढलेला आहे. हनुवटी आणि गळा लाल, छातीवर फोड, त्यांतले दोन फुटलेले आणि खाली ओला गुलाबी तळ. चट्टा वर रुंद आणि खाली निमुळता होत गेलेला आहे, कारण सांडलेलं द्रव ओघळताना थंड होत जातं. वर खोल आणि खाली उथळ, असंच सहसा असतं. आता डॉक्टर क्षेत्रफळ मोजतात. मुलाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. फोड आणि उघडा तळ मिळून सात पंजे भरतात. आणखी तीन पंज्यांएवढी जागा नुसती लाल आहे. ती मोजायची नसते. ही चूक नेहमी होते. लाली धरली की सातचे दहा टक्के होतात, आणि लहान मुलाला दहा टक्क्यांपासून शिरेतून सलाईन द्यावी लागते. मोठ्या माणसात ही मर्यादा 15 टक्क्यांची आहे. म्हणजे इथे सलाईनची घाई नाही, पण मूल लहान आहे आणि चेहरा-मान भाजली आहे, त्यामुळे दाखल करणं आलंच.

तिसऱ्या दिवशीचा फोटो वेगळा दिसतो. दंड आणि गळा तसेच गुलाबी आहेत. छातीच्या मधोमध मात्र, जिथे स्वेटर चिकटून राहिला होता तिथे, दीड पंज्याएवढा भाग पांढरट-लाल ठिपक्यांचा झाला आहे. दाबल्यावर रंग बदलत नाही. ड्रेसिंग बदलताना मूल बाकी ठिकाणी हात लागताच किंचाळतं, तिथे मात्र तेवढं रडत नाही. पहिल्या दिवशी हा भाग शेजारच्या भागासारखाच दिसत होता. बाराव्या दिवसापर्यंत बाकी सगळं भरून येतं आणि मधला भाग उघडाच राहतो. डॉक्टर मांडीवरची पातळ कातडी काढून तिथे लावतात. तीन आठवड्यांत जी जखम भरत नाही, तिथे जाड, ओढणारा व्रण येण्याचा संभव खूप वाढतो, म्हणून त्याआधीच निर्णय घेतलेला बरा.

हे उदाहरण सरळ गेलं, कारण पहिल्या फोटोवेळी जखमेवर काहीही लावलेलं नव्हतं. आपल्याकडे हे दुर्मीळ आहे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस, आणखी काय काय लावलेली जखम दवाखान्यात येते. शाईने आणि हळदीने रंगच झाकला जातो, आणि खोली ओळखायची तर रंगच पाहायचा असतो. मग ते सगळं घासून काढावं लागतं, तेही दुखऱ्या जागेवरून. घरगुती उपायांवर प्रेम असणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की हळद स्वयंपाकघरात कितीही गुणकारी असली तरी ती निर्जंतुक नसते. दवाखान्यातूनही एक घोळ होतो. चांदीयुक्त पांढरं मलम सर्रास चोपडलं जातं, आणि दोन-तीन दिवसांत त्याचा जखमेवर पिवळट-करडा चिकट थर बसतो. तो मेलेल्या कातडीसारखा दिसतो आणि फोटो पाहणारा फसतो. रुग्ण मोठ्या रुग्णालयात पाठवायचाच असेल तर आधी फोटो काढावा, मग स्वच्छ ओलसर ड्रेसिंग करून पाठवावं, मलम लावू नये, असं बर्न्सचे सर्जन सांगतात ते याचसाठी.

घरगुती वस्तूंवर शास्त्रीय काम झालेलंच नाही असं नाही. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी 1980च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची ड्रेसिंग तपासून पाहिली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचा असाच अभ्यास केला. पण त्या साली आणि ती पानं निर्जंतुक केलेली होती, खोली तपासलेल्या जखमांवर रुग्णालयात लावलेली होती. घरात किसून थापलेला कच्चा बटाटा ही वेगळीच गोष्ट झाली.

आणखी एक अडचण कातडीच्या रंगाची. पाठ्यपुस्तकांतले बरेचसे फोटो गोऱ्या कातडीचे असतात. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर नुसती लाली फोटोत दिसतच नाही. कातडी थोडी गडद, तांबूस-जांभळी वाटते एवढंच. फोड फुटल्यावर रंगाचा थर सालीबरोबर निघून जातो आणि खाली एकदम फिकट गुलाबी तळ दिसतो. घरचे त्याला ‘पांढरं पडलं’ म्हणतात, पण तो तळ ओला असेल आणि स्पर्श केल्यावर झोंबत असेल तर जखम उथळ आहे. पांढरं आणि कोरडं असेल तर काळजीचं. म्हणजे फोटो पाठवताना नुसता फोटो पाठवून भागत नाही. ओलं आहे की कोरडं, हात लावल्यावर दुखतं की नाही, कशाने भाजलं आणि किती वाजता, हे चार शब्द सोबत लिहिले तर डॉक्टरला फोटोपेक्षाही जास्त कळतं.

फोटो दिवसाच्या उजेडात काढावा. पिवळ्या दिव्याखाली मेलेली पांढरी कातडीही गुलाबी दिसते, आणि फ्लॅशने ओली जखम चकाकून तळ दिसेनासा होतो. एक फोटो लांबून, कुठल्या अवयवावर जखम आहे ते कळेल असा. एक जवळून, शेजारची चांगली कातडी आणि रुग्णाचा स्वतःचा पंजा दोन्ही चौकटीत येतील असा. पण आधी 20 मिनिटं पाणी, मग फोटो.

काही वेळा फोटो कसाही दिसो, घरी थांबायचंच नाही. विजेचा धक्का हे त्यातलं पहिलं. हातावर आत जाताना पडलेला वाटाण्याएवढा काळा डाग आणि पायावर बाहेर पडताना झालेला दुसरा, एवढंच फोटोत येतं. या दोहोंच्या मधले स्नायू आतून भाजलेले असू शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, लघवी काळपट होऊन मूत्रपिंडं बंद पडू शकतात. मुंबईच्या लोकल गाड्यांवरच्या तारांत 25,000 व्होल्टचा दाब असतो, पण घरच्या 230 व्होल्टचा धक्काही ईसीजी काढून पाहावा असाच असतो. दुसरं म्हणजे बंद खोलीतली आग. अंगावर काहीच नाही, पण नाकातले केस जळलेत, आवाज घोगरा झालाय, थुंकीत काजळी आहे. अशा माणसाचा घसा पुढच्या काही तासांत सुजून श्वासाची वाट बंद होऊ शकते. असिड किंवा सिमेंट, चुन्यासारख्या क्षाराने झालेली जखमही अशीच. भरपूर पाण्याने धुवत राहावं आणि तसंच निघावं.

बाकीच्या जखमांपैकी चेहरा, हात, पाय, जननेंद्रियं आणि मोठे सांधे यांवरचं भाजणं लहान असलं तरी दाखवावं. बोटाला, दंडाला किंवा छातीला चहूबाजूंनी वेढा घालून भाजलं असेल तर सूज आली की तो वेढा आवळतो आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो, तिथे तासांचा हिशेब असतो. पांढरी, कोरडी, न दुखणारी जागा कितीही छोटी असो, ती सर्जननेच पाहावी. फोड आलेली जागा रुग्णाच्या पंज्याहून मोठी असेल तरी तेच. तान्ही मुलं, वृद्ध, गरोदर बाई आणि मधुमेही यांच्या बाबतीत यापैकी कशाचीही वाट पाहू नये.

घरी सांभाळायच्या छोट्या जखमेवरही आठवडाभर लक्ष हवं. फोडातलं पाणी गढूळ होणं, वास येणं, भोवतालची लाली रोज पुढे सरकणं, ही जंतुसंसर्गाची ओळखीची लक्षणं. लहान मुलांत एक कमी ओळखीचं लक्षण आहे. भाजलेली जागा छोटी, फोटोत अगदी चांगली दिसतेय, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी अचानक जोराचा ताप, अंगावर पुरळ, जुलाब, उलट्या, मूल मरगळलेलं. जखमेवरच्या काही जंतूंचं विष रक्तात गेल्याने हे होतं आणि तासांत हाताबाहेर जाऊ शकतं. अशा वेळी जखमेचा नवा फोटो पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नये. मुलाला थेट रुग्णालयात न्यावं आणि दारातच सांगावं की हे मूल चार दिवसांपूर्वी भाजलं आहे. पुरळ आणि जुलाब पाहून व्हायरल ताप समजला जाण्याची शक्यता मोठी असते, आणि कपड्याखालची छोटी पट्टी कुणाच्या नजरेस पडेलच असं नाही.